इंग्रजी टोस्ट आणि पुढच्या रांगेतली आजी: कात्री नक्की कुठे लावायची

पार्श्वभूमी

लग्न नाशिकचं, डिसेंबरातलं, लॉन्सवर. नवरदेव माझा मावसभाऊ, शिकायला म्हणून इंग्लंडला गेला आणि मग लीड्समध्येच नोकरीला लागला. नवरी जळगावकडची, नोकरी पुण्यात. मी भाषांतराची कामं करते, बहुतेक कंपन्यांची माहितीपत्रकं, मशीनची मॅन्युअल्स वगैरे, त्यामुळे घरात कुठलाही इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे सरकवायची पद्धत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि नावं कुणाचीच देत नाही, पण घडलं ते असंच.

लीड्समध्ये हा चार वर्षं एका इंग्रज मुलाबरोबर फ्लॅट शेअर करून राहिला. दोघांचं इतकं जमलं की मित्र लग्नाला येतोय म्हटल्यावर नवरदेवाने त्याला बेस्ट मॅन म्हणून बोलायला सांगून टाकलं. तिकडे लग्नाच्या जेवणाला भाषणं असतात, रिवाजाप्रमाणे आधी नवरीचे वडील, मग नवरदेव आणि सगळ्यात शेवटी बेस्ट मॅन, आणि लोक खरी वाट बघतात ती या शेवटच्याची कारण त्यात नवऱ्याची यथेच्छ खेचायची असते. मग शेवटी दोन वाक्यं मनापासून बोलायची, सगळ्यांनी ग्लास उंच धरायचे, नवरा-नवरीचं नाव घ्यायचं आणि घोट घ्यायचा. झाला टोस्ट.

आपल्याकडे लग्नात भाषण म्हटलं की वडीलधाऱ्या मंडळींना काय आठवतं, तर अक्षता पडायच्या आधी माइक धरून शुभाशीर्वाद देत बसलेला पुढारी आणि टळत चाललेला मुहूर्त. म्हणजे लग्नातलं भाषण ही त्यांच्या लेखी आधीच बदनाम गोष्ट. त्यात हे इंग्रजीत.

पाहुणे साडेतीनशेच्या आसपास. त्यातले पन्नासेक असे की ज्यांना इंग्रजी अजिबात कळत नाही किंवा त्या उच्चारात तर मुळीच कळणार नाही. त्यात नवरदेवाची आजी, म्हणजे वडिलांची आई, वय वर्षं 84, ऐकायला कमी येतं पण नजर आणि डोकं दोन्ही तल्लख.

अडचण नेमकी काय होती

लग्नाच्या काही आठवडे आधी मित्राने भाषण लिहून पाठवलं आणि नवरदेवाचा मेसेज आला, "ताई याचं मराठी करून दे, आजीला सगळं कळलं पाहिजे." भाषण साधारण नऊशे शब्दांचं होतं. स्टेजवरून माणूस मिनिटाला एकशेतीस-चाळीस शब्द बोलतो असं धरलं तर सात मिनिटं. मराठीला तेवढाच वेळ, वर हशा आणि टाळ्या, म्हणजे सोळा-सतरा मिनिटं सहज. आपल्या रिसेप्शनला स्टेजसमोर आहेराची आणि फोटोची रांग लागलेली असते, ती थांबवून सतरा मिनिटं भाषण म्हणजे लोक सरळ जेवणाकडे वळणार आणि डायबेटिसवाले काका तर आधीच वळलेले असणार.

पण वेळ ही सोपी अडचण होती, कापून सुटणारी. खरी गोची मजकुरात होती. त्यात पबचे तीन उल्लेख, एका जुन्या गर्लफ्रेंडवर एक जोक, लग्नाआधी मित्रमंडळी गोव्याला जाऊन आली त्याच्यावर एक सूचक वाक्य, नवरदेव किती वाईट रूममेट होता याची लांबलचक यादी (तिकडे ही कौतुकाचीच पद्धत), आणि शेवटी, अगदी ग्लास उचलायच्या आधी, नवरदेवाच्या बाबांचा उल्लेख. काका दोन वर्षांपूर्वी अचानक गेले, ती बातमी लीड्सला पोचली तेव्हा हा मित्रच रात्री त्याला गाडीत घालून मँचेस्टर एअरपोर्टला सोडायला गेला होता.

घरातल्या सगळ्यांचा पहिला सल्ला एकच. इंग्रजीत त्याला हवं ते बोलू दे, मराठीत तू चाळणी लाव, नको ते गाळून टाक, आजीला काय कळतंय.

हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं पण मांडवात चालत नाही, आणि का चालत नाही हाच या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. कंपनीच्या मीटिंगमध्ये दुभाषा असतो तेव्हा एका बाजूला एक भाषा, दुसऱ्या बाजूला दुसरी. लग्नात तसं नसतं. तिथे एक तरुण गट असतो ज्याला इंग्रजी पूर्ण कळतं, एक ज्येष्ठांचा गट असतो ज्याला फक्त मराठी कळतं, आणि या दोघांच्या मध्ये आत्या, मामा, काकू अशी एक अख्खी पिढी बसलेली असते जिला दोन्ही कळतं आणि जी दोन्ही मनातल्या मनात ताडून बघत असते. गर्लफ्रेंडच्या जोकवर तरुण मंडळी खदाखदा हसणार, आणि मराठीत येणार "आमच्या मित्राचा स्वभाव फार मनमिळाऊ आहे." आजी ऐकायला कमी येत असलं तरी हसणारी शंभर तोंडं तिला दिसतात. ती शेजारच्या सुनेला विचारणार, काय गं म्हणाला तो? आणि सून एकतर खोटं बोलणार नाहीतर खरं सांगणार, आणि मग तो जोक स्टेजवरून सांगितला असता त्यापेक्षा वाईट होऊन कानोकानी फिरणार.

म्हणजे कात्री लावायचीच असेल तर ती मूळ इंग्रजीला लावायची. मराठीत गाळलेली गोष्ट गाळली जात नाही, ती फक्त झाकल्यासारखी दिसते.

काय काय पर्याय समोर होते

एक पर्याय होता आधी पूर्ण इंग्रजी, मग पूर्ण मराठी. वाचायला सोपं, पण मराठी सुरू होईपर्यंत तरुण मंडळी मोबाइलमध्ये आणि ज्येष्ठ मंडळी तोपर्यंत सात मिनिटं नुसती बघत बसलेली. दुसरा, मराठीत फक्त चार ओळींचा सारांश. हे बरेच जण करतात, आणि त्यात ज्येष्ठांना चक्क कळतं की आपल्याला उरलंसुरलं वाढलंय. तिसरा, मागच्या एलईडी स्क्रीनवर मराठी ओळी दाखवायच्या. हे मला आवडलं होतं, पण स्क्रीनवाल्याकडे लग्नाचे व्हिडिओ चालवणारा एकच मुलगा होता, तो बोलणाऱ्याच्या वेगाने ओळी पुढे सरकवणार कशा, आणि लॉन्सच्या त्या दिव्यांमध्ये चष्म्यातून लांबचं वाचणं आजीला जमणारच नव्हतं. चौथा, छापील कागद वाटायचा. पाचवा, एक तुकडा इंग्रजी, लगेच तोच तुकडा मराठी.

पाचवा घ्यायचा आणि चौथा त्याच्या जोडीला ठेवायचा असं ठरलं. मात्र तुकडा केवढा, हे महत्त्वाचं. एकेका वाक्याला थांबलं तर सरकारी घोषणेसारखं वाटतं आणि बोलणाऱ्याची लय तुटते. पाच-सहा वाक्यांच्या वर गेलं तर मराठी ऐकणारा तेवढा वेळ बाहेर पडतो. आम्ही तीन-चार वाक्यांचे तुकडे पाडले, पण नियम वाक्यं मोजायचा नव्हता, एका तुकड्यात एक गोष्ट पूर्ण व्हायला हवी हा होता. मूळ नऊशे शब्द चारशेवर आणायचे हेही तेव्हाच पक्कं झालं.

भाषण कधी, यावर थोडी चर्चा झाली. हळदीच्या रात्री घरचीच माणसं असतात, मोकळं वातावरण असतं, पण तिथे नवरीकडचे ज्येष्ठ नव्हते. म्हणून रिसेप्शनलाच, स्टेजवर रांग सुरू होण्याआधी, संध्याकाळी साडेसातला. उशीर करून चालणार नव्हता, थंडी वाढते, ज्येष्ठांना जेवायचं असतं, आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करावाच लागतो त्यामुळे मागचं सगळं एकमेकांवर ढकललं जातं.

मजकुरावर काम

मित्राशी व्हिडिओ कॉलवर बसले. मी त्याला मांडवातल्या तीन गटांचं गणित सांगितलं आणि विचारलं की तुझ्या प्रत्येक जोकवर आधी कोण हसणार आणि हसून झाल्यावर कोण कुणाकडे बघणार. गर्लफ्रेंडचा जोक त्याने स्वतःच खोडला. गोव्याचं वाक्य पण गेलं (म्हणजे कागदावरून गेलं, ते पुढे येतंच). पबवर मात्र तो अडला. त्याच्या सगळ्यात चांगल्या गोष्टीची सुरुवातच पबमधून परत येण्याने होत होती, आणि त्याचं म्हणणं असं की ते बदललं तर मी खोटं बोलतोय असं होईल. मुद्दा रास्त होता. मग आम्ही बदललं काहीच नाही, फक्त गोष्ट थोडी पुढून सुरू केली. रात्री दोन वाजता त्याला भूक लागली, इथून. हे खरंच होतं.

ती गोष्ट म्हणजे पिठल्याची. रात्री दोनला भावाने पिठलं करायला घेतलं, फोडणी घातली, धुराचा अलार्म वाजला, अख्खी इमारत रात्रीच्या कपड्यांत बाहेर थंडीत उभी, फायर ब्रिगेडची गाडी हजर. दोन भाषांत ही गोष्ट सांगताना समजावून सांगायच्या जागा उलटसुलट पडतात. इंग्रजीत पिठलं म्हणजे काय ते सांगावं लागतं आणि अलार्म सगळ्यांना माहीत असतो. मराठीत पिठलं शब्दाला काही जोडावंच लागत नाही पण अलार्म समजवावा लागतो, नाहीतर फोडणी घातल्यावर लोक रस्त्यावर का आले हे आजीला कळणारच नाही. म्हणून मराठी तुकडा मुद्दाम असा लिहिला:

"तिकडे घराच्या छताला एक यंत्र लावलेलं असतं. घरात धूर झाला की ते कर्कश ओरडायला लागतं, आणि ते ओरडलं की आग लागली असं समजून सगळ्या इमारतीने खाली उतरायचं. रात्री दोन वाजता याला भूक लागली आणि याने पिठलं करायला घेतलं. पाच मिनिटांत आम्ही साठ जण रस्त्यावर, थंडीत कुडकुडत. बंबवाला विचारतोय काय पेटलंय. हा कढई हातात घेऊन उभा."

आणि पंच? इथे आणखी एक निर्णय होता. तुकड्या-तुकड्याने बोललं की प्रत्येक जोकवर दोनदा हसायची वेळ येते, आधी इंग्रजीवाले, मग मराठीवाले, आणि पहिला हशा दुसऱ्याला मारतो कारण निम्म्या मांडवाचं हसून झालेलं असतं. म्हणून प्रसंग दोन्ही भाषांत आधी सांगून घ्यायचा आणि शेवटची ओळ एकदाच, मित्राने स्वतः मराठीत म्हणायची: "काही नाही, नुसती फोडणी!" सगळे एकदम हसणार. फोडणी शब्द इंग्रजीत बोलताना त्याने आधी एकदा वापरून ठेवायचा म्हणजे त्याच्याबरोबर आलेल्या दोन-तीन गोऱ्या पाहुण्यांनाही कळेल. ओळ निवडताना ळ नको हे पाहिलं, कारण त्याच्या तोंडून ळ येतच नव्हता. उच्चारासाठी व्हॉइस नोट पाठवल्या, हळू एकदा आणि नेहमीच्या वेगात एकदा.

नवरदेवाला मित्राकडून पूर्ण भाषणच मराठीत पाठ करून घ्यायचं होतं. मी विरोध केला. परदेशी माणूस मराठी बोलला की लोक उच्चारावर खूश होतात, काय बोलला त्याच्यावर नाही, आणि सबंध भाषण "अरे वा, बघा कसा बोलतोय" मध्ये संपतं. दोन ओळी पुरे, एक ही आणि एक शेवटी.

वाईट रूममेटच्या यादीचं काय करायचं यावर थोडा विचार करावा लागला. "हा भांडी घासत नाही, सकाळी उठत नाही, बिलं विसरतो" हे तिकडच्या ऐकणाऱ्याला कौतुक म्हणून कळतं, कारण बेस्ट मॅनचं कामच ते असतं. नवरीच्या आत्याला ही सरळ सरळ स्थळाबद्दलची माहिती वाटू शकते, आणि तीही उशिरा मिळालेली. आता असं नाही की आपल्याकडे लग्नात कुणाची खेचत नाहीत. विहिणींच्या पंगतीला टोमण्यांची गाणी म्हणायचेच की, उखाण्यात चिमटे काढतात, नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो आणि त्याबद्दल वर आहेर घेतो. फक्त आपल्याकडे खेचायचा मान ठरलेल्या नात्याला असतो, कुणीही उठून खेचत नाही. म्हणून सुरुवातीलाच मित्राची जागा सांगून टाकली. मराठीत ओळ अशी: "कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, तो त्याने सकाळी घेतला. आमच्याकडे तेच काम मित्राला देतात, तर आता मी थोडा ओढतो." इंग्रजीतही त्याने कानपिळीचा उल्लेख घातला, सकाळी बघितल्यावर त्याला ते भारी आवडलंही होतं. त्यानंतर पुढची सगळी नालस्ती कोणत्या खात्यात टाकायची हे ज्येष्ठांना कळलं.

आणि एक वाक्य होतं, शी इज वे आउट ऑफ युअर लीग. याचं शब्दशः काही केलं तर मुलीकडचे वरचढ आणि मुलाकडचे खालचे असं काहीतरी निघतं आणि मानपानावरून आधीच एक फेरी होऊन गेली होती. "नशीब काढलंस लेका!" एवढंच ठेवलं. मित्र नवरीला काय म्हणेल यावर कुणाचं दुमत नव्हतं, वहिनी, आणि अहोजाहो नाही पण थेट नावही नाही.

बाबांचा उल्लेख

या जागी मी एकटीने ठरवायचं नाही असं आधीपासून होतं. मूळात वाक्यं साधी होती, की एअरपोर्टपर्यंतच्या रस्त्यात हा एक शब्द बोलला नाही, आणि उतरताना म्हणाला की बाबा तुला भेटायला हवे होते. घरातल्या दोघा-तिघांचं मत पडलं की शुभकार्यात हे नको, स्टेजवर मावशी उभी असणार, समोर आजी बसलेली, मुलगा गेलेली आई आहे ती.

थोरले काका, म्हणजे गेलेल्या काकांचे मोठे भाऊ, यांनी जे सांगितलं त्याने प्रश्न बराच सुटला. ते म्हणाले की कार्याच्या आधी नांदीश्राद्ध करतोच ना आपण, त्यात पितरांना बोलावतोच ना, मग सकाळी गुरुजींनी नाव घेतलेलं चालतं आणि संध्याकाळी मित्राने घेतलेलं का चालत नाही. शुभकार्यात गेलेल्यांची आठवण काढायची नसते हा समज आपला आपणच करून घेतलेला.

तरी शेवटचा शब्द मावशीचा. तिला दोन्ही मजकूर, इंग्रजी आणि मराठी, वाचून दाखवले. तिने ठेवा म्हणून सांगितलं, दोन अटींवर. "गेले" हा शब्द नको, आणि हे सगळ्यात शेवटी नको, कारण त्याच्यानंतर लगेच सगळे फोटोला येणार आणि माझे डोळे तसेच असतील. दुसरी अट ऐकून मला वाटलं की रचनेचं एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं. इंग्रजी टोस्ट हसवत हसवत शेवटी गळा दाटेल असा बांधलेला असतो, ती त्याची ठरलेली चाल. मित्राला ती मोडायला सांगणं अवघड गेलं, पण मावशीचं कारण ऐकल्यावर त्याने एका शब्दाने हरकत घेतली नाही. उल्लेख मधे आणला, पिठल्याच्या आधी. आजीला मावशीने सकाळीच कानावर घातलं की संध्याकाळी असा एक उल्लेख येणार आहे. मराठीत ते असं झालं: "त्या रात्री मी याला एअरपोर्टला सोडायला निघालो. दीड तास हा काही बोलला नाही. उतरताना म्हणाला, तुझी आणि बाबांची भेट व्हायला हवी होती. आज सकाळी मी तुम्हा सगळ्यांना भेटलो, मला वाटतं ती झाली."

मराठी वाचणार कोण

सगळे गृहीत धरून चालले होते की मीच वाचणार. पण दुभाष्याचा नियम असा की तो बोलणाऱ्याच्याच तोंडाने बोलतो, "तो म्हणतोय की" असं म्हणायचं नसतं, "मी" म्हणायचं. आणि मराठीत "मी" म्हटलं की लगेच क्रियापदात बाई की पुरुष ते येतं. मी "राहिलो, गेलो, सोडायला निघालो" म्हणू तर विचित्र, आणि "राहिले" म्हणू तर मांडवासमोर एक तरुण बाई सांगतेय की मी याच्यासोबत चार वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिले. नवरीची आजी समोर, अर्धं ऐकू येणारी. नको रे बाबा.

"तो म्हणतोय" करून बघितलं, पण प्रत्येक तुकडा बातमी सांगितल्यासारखा होत होता आणि पिठल्याचा तर पार चोथा झाला. मग थोरल्या काकांच्या मुलाला उभं केलं. शाळेत शिकवतो, आवाज खणखणीत, कॉलेजात एकांकिका केलेल्या. दोघांनी आधी कॉलवर आणि मग आदल्या दिवशी समोरासमोर तालीम केली. तालमीत जे सापडलं ते हे की मित्र स्वतःच्या तुकड्यानंतर थांबतच नव्हता, हशा मिळाला की ओघात पुढे जायचा. म्हणून त्याच्या कागदावर प्रत्येक तुकडा वेगळ्या कार्डावर घेतला. कार्ड मागे सरकवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात भाऊ सुरू करायचा.

प्रत्यक्ष दिवशी

आवाजाकडे आम्ही मुद्दाम लक्ष दिलं. लग्नातले साउंडवाले माइकला घसघशीत इको लावून ठेवतात, घोषणेला ते छान वाटतं पण भाषणात प्रत्येक शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आवाज लहान होतो असं नसतं फक्त, स, श, त, फ असले अक्षरांचे काठ आधी पुसट होतात, त्यामुळे आवाज वाढवून काही होत नाही, उलट त्रासच होतो. इको काढायला लावला, आवाज मध्यम, आणि भावाला सांगितलं की ओरडू नकोस, सावकाश बोल. ज्येष्ठांच्या खुर्च्या पुढच्या रांगेत होत्या आणि त्या रांगेच्या दोन्ही टोकांना भले मोठे बॉक्स, म्हणून त्यांना मधोमध सरकवलं.

छापील कागद होता, एक पान, मोठा टाइप, अठरा पॉइंटचा, फक्त मराठी. आधी वाटला असता तर सगळ्यांनी फोडणीची ओळ आधीच वाचून टाकली असती, म्हणून तो फक्त आजी आणि आणखी चार-पाच कमी ऐकू येणाऱ्यांना, ते पण भाषण सुरू होताना दिला.

सुरुवात छान झाली. कानपिळीवर नवरीचा भाऊच उभा राहून मिशीवर ताव मारायला लागला. बाबांच्या तुकड्याला शांतता, मावशी स्थिर उभी. फोडणीला सगळा मांडव एकदम, आजीसुद्धा, कागदावर बोट ठेवून.

आणि मग मित्राला स्फुरण चढलं. कार्ड बाजूला ठेवून त्याने गोव्याचं ते खोडलेलं वाक्य बोलून टाकलं, वर अजून एक जोडून. तरुण मंडळी टेबलं बडवायला लागली. भावाच्या हातात कागद नाही, तीनशे माणसं त्याच्याकडे बघतायत, पुढच्या रांगेत माना वळायला सुरुवात झालेली. दोन रस्ते होते, काहीतरी गोड बनवून सांगायचं किंवा खरं सांगायचं. तो दोन सेकंद थांबला आणि माइकवर म्हणाला, "आजी, हे गोव्याचं आहे. हे माझ्याकडे लिहून दिलेलं नाही आणि मी सांगणार पण नाही."

त्या वाक्याला फोडणीपेक्षा मोठा हशा पडला आणि तो पुढच्या रांगेतून पडला. मला यात काही योगायोग वाटत नाही. तोपर्यंत सहा-सात मिनिटं ज्येष्ठांनी बघितलं होतं की इकडे जे बोललं जातंय ते सगळं आपल्यापर्यंत येतंय, म्हणून एक गोष्ट उघडपणे अडवली तर ती मस्करी झाली. आधीपासून गाळत आलो असतो तर हाच क्षण अपमानाचा झाला असता.

शेवट. मूळ टोस्टमध्ये ग्लास उंच धरा होतं. लॉन्सवर दारू नव्हतीच, कोकम सरबताने करायचं का असा विचार झालेला, पण खुर्चीत बसलेल्या ज्येष्ठांच्या हातात ग्लास देणार कोण, आणि ती कृती म्हणजे काय हे समजावण्यातच मजा जाते. त्यापेक्षा मोठी गोष्ट अशी की टोस्टमध्ये बोलणारा स्वतः सगळ्यांच्या वतीने शुभ चिंतितो, आणि आपल्याकडे तिशीतला मुलगा आजीच्या देखत नवरा-नवरीला आशीर्वाद देत नाही. म्हणून दोन्ही भाषांत शेवट बदलला होता. मित्र इंग्रजीत म्हणाला की आमच्याकडे अशा वेळी ग्लास उचलतात, पण मी इथे सगळ्यात लहानांपैकी आहे, तेव्हा मोठ्यांनी हात उचलावेत. भावाने मराठी केलं. मग मित्राची दुसरी मराठी ओळ, "आजी, आशीर्वाद द्या." पुढच्या रांगेतले हात वर गेले, नवरा-नवरी तिथूनच वाकले, टाळ्या. सगळं मिळून नऊ मिनिटं झाली, गोवा धरून.

काय झालं आणि वेगळं काय करता आलं असतं

नवरदेवाकडचे खूश होते. तक्रार आली ती नवरीच्या आईकडून, आणि ती बरोबर होती: सगळं भाषण मुलाचं, आमच्या मुलीबद्दल दीड वाक्य. तिकडच्या पद्धतीत बेस्ट मॅन नवऱ्याचाच असतो त्यामुळे ते चालून जातं. आपल्या मांडवात दोन्हीकडचे ज्येष्ठ समोरासमोर बसलेले असतात आणि बोलण्याचा मान कुणाला किती मिळाला ते बरोबर मोजलं जातं. मित्र नवरीला लग्नाआधी दोन-तीनदाच, ते पण व्हिडिओवर भेटलेला, त्याच्याकडून आणखी काढणं शक्य नव्हतं. पण नवरीच्या एखाद्या मैत्रिणीने चार-पाच वाक्यं मराठीत बोलायची आणि तीच इंग्रजीत मित्रांसाठी सांगायची, हे सहज बसलं असतं, मिनिटभरात. उलट दिशेनेही भाषांतर होतंय हे दिसलं असतं.

दुसरं, आयत्या वेळच्या वाक्यासाठी खूण ठरलेली हवी होती. भावाने वेळ मारून नेली कारण तो तसा आहे. दुसरा कुणी असता तर गडबडला असता. कागदाबाहेर जायचंच असेल तर आधी वाचणाऱ्याकडे बघायचं आणि एकच वाक्य बोलून थांबायचं, एवढं मित्राला आधी सांगता येतं. आणि उत्साहात माणूस बाहेर जाणारच हे धरून तालमीत एकदा मुद्दाम जायला लावायचं, म्हणजे वाचणाऱ्याला सवय होते.

तिसरं कागदाचं. ज्यांना दिला त्यांच्या शेजारच्यांनी मागितला, मग ओढाताण. वीसेक प्रती जास्त काढून भाषणानंतर टेबलावर ठेवल्या असत्या तर झालं असतं, नंतर बऱ्याच जणांनी "तो कागद पाठवा ना" म्हणून ग्रुपवर विचारलंच.

आणि एक, जे मला दुसऱ्या दिवशी जळगावच्या एका आजोबांनी सांगितलं. मराठी त्यांना सगळं कळलं, पण त्यांच्याकडच्या बायका आपसात अहिराणी बोलतात, आणि त्यांना वाटलं की नाशिककरांच्या आजीला एक ओळ खास मिळाली तशी आमच्या म्हातारीला तिच्या बोलीत एक मिळायला हवी होती. नवरीलाच विचारलं असतं तर तिने ती ओळ दोन मिनिटांत करून दिली असती, आणि म्हणायला तिचा भाऊ होताच.